पासपोर्टच्या अर्जाआधी गुणपत्रिकेवरचं नाव दुरुस्त करायचंय: विद्यापीठाला पत्र कसं लिहू?

ज्ञाना_टीवाय

नमस्कार. माझं बी.एस्सी. नुकतंच पूर्ण झालं. पुढच्या वर्षी बाहेर एम.एस.साठी अर्ज करायचाय, म्हणून आधी पासपोर्ट काढायला घेतला. कागद जुळवताना लक्षात आलं की पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या गुणपत्रिकांवर माझ्या नावातला एक H गळलाय. DNYANESHWARI ऐवजी DNYANESWARI छापलंय. पहिल्या चार सत्रांच्या गुणपत्रिका बरोबर आहेत. दहावीचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला आणि आधार या तिन्हींवरही H आहे. तिसऱ्या वर्षाला मी कॉलेज बदललं होतं, विद्यापीठ तेच.

विद्यापीठासाठी मी हे पत्र लिहिलंय. बघून सांगाल का?

> प्रति, मा. कुलगुरू,
> विषय: गुणपत्रिकेवरील नावात बदल करून मिळणेबाबत.
> महोदय, माझ्या गुणपत्रिकेवर माझे नाव चुकीचे छापले गेले आहे. त्यामुळे माझा पासपोर्ट अडला आहे. तरी माझ्या नावात बदल करून लवकरात लवकर नवीन गुणपत्रिका द्यावी ही नम्र विनंती.

---

मिहिर_ठाणे

नावाचा प्रश्न आला की राजपत्र लागतंच. शासन मुद्रणालयाच्या dgps.maharashtra.gov.in या साइटवर नाव बदलाचा अर्ज कर, राजपत्रात नाव छापून आलं की त्याची प्रत विद्यापीठाला जोड. सोबत पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. आणि एक, पासपोर्टला पदवीची गुणपत्रिका लागतच नाही, तेव्हा पासपोर्ट आधी काढून टाक. गुणपत्रिकेचं नंतर बघता येईल.

---

परीक्षाविभाग_निवृत्त

मिहिर, राजपत्र इथे लागत नाही. उलट त्यानं प्रकरण बिघडेल. राजपत्र हे नाव *बदलल्याचा* पुरावा आहे, म्हणजे काल एक नाव होतं आणि आजपासून दुसरं. ज्ञानाचं नाव कधी बदललेलंच नाही. तिनं राजपत्र जोडलं तर विद्यापीठ म्हणेल की परीक्षा दिली तेव्हा जुनं नाव होतं, मग त्या तारखेची गुणपत्रिका आम्ही का बदलावी? आणि त्यांचं म्हणणं बरोबर ठरेल.

ज्ञाना, म्हणूनच तुझ्या पत्रातला पहिला दोष विषयाच्या ओळीत आहे. "नावात बदल" खोडून "नावातील स्पेलिंगची दुरुस्ती" लिही. आवक विभागातला माणूस विषयाची ओळ वाचून फाइल टेबलावर पाठवतो. "बदल" दिसलं की फाइल नाव-बदलाच्या टेबलावर जाते आणि तिथून राजपत्र मागणारं पत्र येतं. एका शब्दापायी महिना जातो.

दुसरं, पत्र कुलगुरूंच्या नावे नको. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत २०१६ च्या कायद्यापासून हा विषय "संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ" यांच्याकडे आहे. जुन्या नमुन्यांत "परीक्षा नियंत्रक" असतं, तसं लिहिलं तरी पोचतं. कुलगुरूंच्या नावाचं पत्र मात्र तिथून खाली उतरत उतरत परीक्षा विभागात येतं.

आता मुख्य मुद्दा. चूक कुठे झाली हे पत्रात सांगितलेलं नाही. त्याआधी मला एक सांग: पाचव्या सत्राच्या हॉल तिकिटावर स्पेलिंग काय होतं? आणि विद्यार्थी लॉगिनमध्ये तुझ्या प्रोफाइलवर आज काय दिसतं?

---

ज्ञाना_टीवाय

काका, हॉल तिकिटं काढून बघितली. पाचव्या आणि सहाव्या, दोन्हींवर H नाही. तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. प्रोफाइलवरही H नाही. पहिल्या दोन वर्षांच्या हॉल तिकिटांवर मात्र आहे.

---

परीक्षाविभाग_निवृत्त

मग चूक छपाईची नाही, नोंदीची आहे. हा फरक नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

हॉल तिकीट बरोबर आणि फक्त गुणपत्रिका चुकीची असेल, तर चूक विद्यापीठात निकाल तयार होताना झाली. अशा वेळी साधा अर्ज आणि हॉल तिकिटाची प्रत पुरते. पण हॉल तिकीटच चुकीचं असेल तर नाव परीक्षा अर्जातूनच तसं आलं आणि परीक्षा अर्जात ते कॉलेजनं भरलेल्या प्रवेशाच्या नोंदीतून येतं. तू तिसऱ्या वर्षाला नव्या कॉलेजात गेलीस. तिथे तुझं नाव पुन्हा टाइप झालं, तेव्हा H राहिला. पाचव्या सत्रापासून पुढचं सगळं त्या नोंदीवरून निघालंय.

म्हणून विद्यापीठाकडे नुसत्या दोन गुणपत्रिका नव्यानं मागून भागणार नाही. मूळ नोंद तशीच राहिली तर गुणपत्रिका दुरुस्त होऊन येतील आणि पदवी प्रमाणपत्र पुन्हा H शिवाय छापलं जाईल. असं सर्रास होतं. पत्रात दोन्ही मागण्या वेगळ्या लिही: आधी नोंदीची दुरुस्ती, मग तिच्या आधारे गुणपत्रिका.

आणि पत्र थेट पाठवू नकोस. नव्या कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत पाठव. चूक कॉलेजच्या टेबलावर झाली असेल तर ती मान्य करणारं कॉलेजचं पत्र हा फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद असतो.

---

सुनंदा_कुलकर्णी

माझाही असाच प्रश्न आहे. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर मला सासरचं हवंय. हेच पत्र वापरून विद्यापीठाकडून नाव करून घेता येईल का?

---

केदार_प

सुनंदाताई, तुमचा विषय वेगळा आहे. तुमच्या गुणपत्रिकेत चूक नाहीच. परीक्षा दिली तेव्हा तुमचं नाव तेच होतं, त्यामुळे विद्यापीठ ती बदलणार नाही. तुम्ही पासपोर्टला विवाह नोंदणीचा दाखला लावा आणि गुणपत्रिका आहे तशी राहू द्या. पुढे कुणी विचारलं तर दोन नावांना जोडणारा कागद तोच दाखला.

मिहिरचं अर्धं बरोबर आहे म्हणून त्यावर थोडं. पासपोर्टच्या अर्जाला पदवीची गुणपत्रिका लागत नाही हे खरं. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, पॅन यांतलं एक चालतं. (फक्त जन्माच्या दाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे.) नॉन ईसीआर, म्हणजे कामासाठी परदेशी जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागत नाही अशा पासपोर्टसाठी दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा पुरतो. ज्ञानाचे दहावीचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला आणि आधार हे तिन्ही कागद एकसारखे आहेत, म्हणजे पासपोर्ट अडलेला नाही. ते वाक्य पत्रातून काढ. खरं नसलेलं कारण लिहिलं आणि समोरच्यानं "कुठे अडलाय, पत्र दाखवा" म्हटलं तर उत्तर नाही.

पण "गुणपत्रिकेचं नंतर बघू" हे मला पटत नाही. पासपोर्ट हातात आला की परदेशी विद्यापीठ, व्हिसा, गुणांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्था, सगळे पासपोर्टवरचं नाव खरं धरून बाकीचे कागद त्याच्याशी ताडून बघतात. ट्रान्सक्रिप्टही विद्यापीठाच्या नोंदीतूनच निघतं, म्हणजे तिथेही H नसणार. त्यामुळे दोन्ही कामं आताच, एकमेकांची वाट न बघता सुरू कर.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नकोस. ताजी गुणपत्रिका हातात आहे म्हणून पासपोर्टच्या अर्जात तिच्यावरचं स्पेलिंग भरू नकोस. मग दहावीपासूनचे सगळे बरोबर कागद चुकीचे दिसायला लागतात आणि दुरुस्ती दहा ठिकाणी करावी लागते. अर्जात Given Name मध्ये तुझं आणि वडिलांचं नाव, Surname मध्ये आडनाव. आद्याक्षर नको, पूर्ण नाव.

---

वर्षा_नगर

इथेच विचारते. माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे आणि वडिलांच्या नावापुढे आईचं नावही छापलंय. पासपोर्टमध्ये आईचं नाव नाही. हीसुद्धा दुरुस्तीच का?

---

परीक्षाविभाग_निवृत्त

नाही, ती छापण्याची पद्धत आहे. आडनाव आधी घ्यायचं की शेवटी, आईचं नाव नावाच्या ओळीत घ्यायचं की वेगळ्या रकान्यात, हे मंडळ आणि विद्यापीठ ठरवतं. त्यासाठी अर्ज केला तर तो परत येईल. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग जुळतंय ना, एवढंच तपासा.

---

मिहिर_ठाणे

राजपत्राचं मान्य. पण प्रतिज्ञापत्र तरी लागेलच ना? आणि शंभरचा स्टॅम्प पेपर ऑक्टोबर २०२४ पासून बंद होऊन पाचशेचा झालाय.

---

परीक्षाविभाग_निवृत्त

प्रतिज्ञापत्र बहुतेक विद्यापीठांच्या दुरुस्तीच्या अर्जाच्या यादीत असतं, त्यामुळे ज्ञाना, तुझ्या विद्यापीठाचा छापील नमुना आधी बघ. त्यात मजकूर ठरलेला असेल तर तोच, शब्द न बदलता. नसेल तर मजकूर एवढाच: ही दोन्ही स्पेलिंग एकाच व्यक्तीची आहेत, DNYANESHWARI हे दहावीच्या प्रमाणपत्रानुसार योग्य आहे, आणि DNYANESWARI हे नोंदीतल्या चुकीमुळे आलं. "मी नाव बदलत आहे" असं वाक्य वकिलांच्या तयार नमुन्यात असतं. ते खोडायला सांग.

---

केदार_प

स्टॅम्पबद्दल: सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे आणि मार्च २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या बाबतीत सरकारनं ते पुन्हा जाहीरही केलं. साध्या कागदावर करून नोटरी किंवा तहसील कार्यालयातून घेता येतं.

---

मिहिर_ठाणे

विद्यापीठ म्हणजे सरकारी कार्यालय का पण? खिडकीवरच्या माणसानं साधा कागद घेतला नाही तर पाचशे वाचवण्यात एक फेरी जाईल.

---

परीक्षाविभाग_निवृत्त

यावर विद्यापीठाविद्यापीठांत एकमत नाही. खिडकीवर विचारूनच ठरव.

आता पत्र. तुझी माहिती भरण्यासाठी जागा सोडल्यात. मराठीत चालतं, फक्त नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि देवनागरीत, दोन्हींत लिही. पदवी प्रमाणपत्रावर दोन्ही लिपींत नाव येत असेल तर देवनागरीतली चूकही याच वेळी निघते.

> दिनांक: …
>
> प्रति,
> मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, … विद्यापीठ
>
> द्वारा: मा. प्राचार्य, … महाविद्यालय
>
> विषय: बी.एस्सी. सत्र ५ व ६ च्या गुणपत्रिकांवरील नावाच्या स्पेलिंगची दुरुस्ती होणेबाबत.
> पीआरएन: …
>
> महोदय/महोदया,
>
> मी वरील महाविद्यालयातून बी.एस्सी. तृतीय वर्षाची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. सत्र ५ (परीक्षा महिना व वर्ष …, आसन क्रमांक …, गुणपत्रिका क्रमांक …) व सत्र ६ (परीक्षा महिना व वर्ष …, आसन क्रमांक …, गुणपत्रिका क्रमांक …) यांच्या गुणपत्रिकांवर माझे पहिले नाव पुढीलप्रमाणे छापले आहे.
>
> छापलेले नाव: DNYANESWARI
> योग्य नाव: DNYANESHWARI (ज्ञानेश्वरी)
>
> वडिलांचे नाव व आडनाव यांत चूक नाही. दहावीचे प्रमाणपत्र तसेच याच विद्यापीठाच्या सत्र १ ते ४ च्या गुणपत्रिका यांवर योग्य नाव आहे. तृतीय वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी झालेल्या ऑनलाइन नोंदीत H हे अक्षर राहिल्याने सत्र ५ व ६ ची हॉल तिकिटे व गुणपत्रिका यांवर ही चूक आली आहे.
>
> तरी विनंती की,
> (१) पीआरएनच्या मूळ नोंदीत माझे नाव दुरुस्त करावे;
> (२) सत्र ५ व ६ च्या गुणपत्रिका दुरुस्त नावाने नव्याने छापून मिळाव्यात;
> (३) पदवी प्रमाणपत्र, ट्रान्सक्रिप्ट व डिजिलॉकरमधील नोंद याच दुरुस्त नावाने व्हावी.
>
> मी पासपोर्टसाठी अर्ज करीत असून पुढील शिक्षणाच्या अर्जांसाठी सर्व कागदपत्रांवर एकच नाव असणे आवश्यक आहे.
>
> सोबत: …
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल)

"सोबत" मध्ये दहावीचं प्रमाणपत्र, पहिल्या चारपैकी एक गुणपत्रिका, चुकीच्या दोन्ही गुणपत्रिका आणि हॉल तिकिटं, प्रतिज्ञापत्र, शुल्काची पावती, आणि कॉलेजचं पत्र. आधार जोड, पण त्यावर विसंबू नकोस. परीक्षा विभाग नावासाठी दहावीचाच कागद प्रमाण मानतो.

---

केदार_प

पासपोर्टचं वाक्य मी पूर्ण काढलं असतं. कारकून म्हणेल, "पासपोर्टला हे लागत नाही, मग घाई कसली?"

---

परीक्षाविभाग_निवृत्त

मी ठेवलं असतं. तारखेचा दाब नसलेली फाइल खाली राहते. परदेशी विद्यापीठाची शेवटची तारीख माहीत असेल तर तीच लिहावी, ती अधिक पक्की. यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

---

ज्ञाना_टीवाय

दोघांचेही आभार. कॉलेजच्या ऑफिसात गेले होते. ते म्हणाले, मूळ गुणपत्रिका आमच्याकडे जमा करा, आम्ही पाठवतो. द्यायच्या का? आणि एका गुणपत्रिकेला मी लॅमिनेशन करून घेतलंय, ती चालेल ना?

---

परीक्षाविभाग_निवृत्त

नवी गुणपत्रिका देताना जुनी रद्द करावी लागते, म्हणून मूळ प्रत मागतात. ते रास्त आहे. पण देण्याआधी दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन कर आणि कॉलेजकडून तारीख, शिक्का आणि *गुणपत्रिका क्रमांक लिहिलेली* पोच घे. क्रमांक नसलेल्या पोचेवरून मधे हरवलेला कागद शोधता येत नाही.

लॅमिनेशन केलेली चुकीच्यांपैकीच असेल तर अडचण नाही, ती जाणारच आहे. नवी आल्यावर मात्र करू नकोस. परदेशासाठी साक्षांकन करताना मागच्या बाजूला शिक्का लागतो, प्लॅस्टिकवर तो बसत नाही आणि कागद परत येतो.

आणखी एक. खिडकीवर कुणी म्हणालं, "याच गुणपत्रिकेवर पेनानं H घालून सही-शिक्का देतो," तर नको म्हण. इथे ते चालेलही, पण बाहेरच्या माणसाला ती खाडाखोड दिसते. शिवाय त्यात मूळ नोंद तशीच राहते.

---

वर्षा_नगर

दीक्षान्त समारंभाचा अर्ज सुरू झाला असेल तर?

---

परीक्षाविभाग_निवृत्त

चांगला प्रश्न. त्या अर्जात नाव प्रोफाइलवरून आपोआप येतं. दुरुस्तीआधी भरून "माहिती बरोबर आहे" वर टिक केली तर पुढे तीच टिक दाखवतात आणि पदवी प्रमाणपत्राच्या दुरुस्तीचं शुल्क आणि वेळ दोन्ही वेगळे लागतात. मुदत शिल्लक असेल तर प्रोफाइल दुरुस्त होईपर्यंत थांबावं. मुदत संपत आली असेल तर अर्ज भरावा आणि त्याच दिवशी दुरुस्तीच्या पत्राची पोच जोडून दीक्षान्त विभागाला वेगळं पत्र द्यावं.

---

ज्ञाना_टीवाय

आज पत्र दिलं. प्राचार्यांनी प्रवेश अर्जाची प्रत काढली, त्यात माझ्या हस्ताक्षरात H आहे. म्हणजे टाइप करतानाच राहिला. त्यांच्या पत्रात तसं लिहून दिलंय. आवक क्रमांक मिळाला. पासपोर्टचा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावर भरलाय, १५०० रुपये भरले, भेटीची वेळ अजून घेतलेली नाही.

काही हललं नाही तर किती दिवसांनी विचारायचं?

---

परीक्षाविभाग_निवृत्त

हस्ताक्षरातला प्रवेश अर्ज सापडला हे फार बरं झालं. आता शुल्क माफ करा असंही विचारता येईल, कारण चूक तुझी नाही हे कागदावर आलंय. देतीलच असं नाही.

साधारण पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा आणि "फाइल कोणत्या टेबलावर आहे" एवढंच विचार. त्याच वेळी प्रोफाइल उघडून बघ. तिथे H दिसायला लागला की नोंद दुरुस्त झाली, छपाई मागून येते. गुणपत्रिका आल्या आणि प्रोफाइलवर H नाही असं झालं, तर तिथेच उभी राहून दाखव.

---

केदार_प

महिन्याभरात काहीच कळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दे. सार्वजनिक विद्यापीठाला तो लागू आहे, शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात "दुरुस्ती करा" असं लिहू नकोस, ती माहिती नव्हे. "आवक क्रमांक अमुकवर कोणत्या तारखेला काय शेरा लिहिला, त्याची प्रत द्या" असं माग.

पासपोर्टच्या भेटीची वेळ घेऊन टाक, गुणपत्रिकेसाठी अडू नकोस. जाताना पदवीचे कागद सोबत नेऊ नकोस, दहावीचं मूळ प्रमाणपत्र पुरे.

---

मिहिर_ठाणे

न्यावेत असं मला वाटतं. अर्जात शिक्षण पदवीधर भरलं असेल आणि तिथे मागितले तर?

---

केदार_प

नॉन ईसीआरसाठी दहावीचं किंवा त्यापुढचं कोणतंही एक प्रमाणपत्र चालतं. बरोबर नावाचं आहे ते दाखवावं. तरी ज्ञाना, पहिल्या चारपैकी एक गुणपत्रिका पिशवीत असू दे, त्यावर H आहे.

---

सुनंदा_कुलकर्णी

केदार, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माझ्या माहेरच्या आडनावाचं स्पेलिंगच वेगळं आहे, Waghmare ऐवजी Vaghmare. मग आधी तो दुरुस्त करायचा का?